अंधारासाठी रजा

उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश पाहायला जायचं, हे मामांनी ठरवलं तेव्हा ते परभणीच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, जुगराफिया म्हणजे भूगोल शिकवत होते आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. निजामाच्या नोकरीत साठलेली लांब रजा त्याआधी घेतली नाही तर बुडत असे. ती एकदाच मिळायची. म्हणजे जाणं एकदाच होणार होतं.

त्या हिवाळ्यात हा प्रकाश युरोपात फार खाली, दक्षिणेपर्यंत लाल दिसल्याची बातमी आली होती. ती मीच मुंबईच्या एका वर्तमानपत्रात भाषांतर करून लावली होती. सूर्यावर डाग वाढले की हा प्रकाश वाढतो आणि ते साल डागांचं होतं. पुढे हिवतापाने मला गावी यावं लागलं. मी चारपाईवर पडलेला असताना मामांनी ते कात्रण माझ्या उशाशी ठेवलं.

"तू लावलीस ना ही बातमी? मग आता वाट पण तूच सांग."

मी पत्रव्यवहार सुरू केला. मुंबईच्या प्रवास कंपनीला लिहिलं, तिथल्या स्वीडनच्या वकिलातीला लिहिलं. कंपनीकडून छापील पुस्तिका आली, तिच्यावर मध्यरात्रीचा सूर्य होता. मी परत लिहिलं की आम्हाला सूर्य नको, रात्र हवी. परत तीच पुस्तिका आली, या वेळी सोबत उन्हाळी दरपत्रक. तीन पत्रांनंतर कंपनीच्या कारकुनाने कळवलं की हिवाळ्यात तिकडे जाणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे यापूर्वी आलेलं नाही, तरी तारखा कळवाव्यात.

वकिलातीचं उत्तर मात्र कामाचं होतं. हा प्रकाश ध्रुवाभोवती एका कड्यासारखा असतो. त्या कड्याखाली जायचं, त्याहून वर जाण्यात फायदा नाही. नार्विक हे नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं बंदर आणि डोंगरापलीकडचं स्वीडनमधलं आबिस्को, दोन्ही त्याच्या खाली येतात आणि दोन्ही एकाच रेल्वेवर आहेत. किनाऱ्यावर हिवाळ्यात बहुतेक रात्री ढग. आबिस्कोला डोंगर ढग अडवतो, तिथे साधारण निम्म्या रात्री आभाळ मोकळं मिळतं. पण ढग आले की दोन-तीन दिवस मुक्काम करतात, म्हणून तीन रात्रींचा बेत करू नये, निदान आठ-दहा रात्री हाताशी ठेवाव्यात.

हे सगळं मी कागदावर मांडलं. मे ते ऑगस्टचा बराचसा काळ बाद, कारण तिकडे अंधारच पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत अंधार भरपूर, पण किनाऱ्यावर वादळं, आणि दिवसाही इतका कमी उजेड की प्रकाश दिसला नाही तर करायला काही उरत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च हे चांगले. त्यातही अमावास्येच्या मागचे-पुढचे दिवस, म्हणजे चंद्राचा उजेड नाही. पाहण्याची वेळ रात्री नऊ ते एक.

मामांना कागद वाचून दाखवला तेव्हा ते खुशीत मान हलवत होते. वाचून संपल्यावर म्हणाले, "रजा मंजूर झाली. खुर्दाद आणि तीर."

संस्थानचे सरकारी महिने फसली होते. खुर्दाद आणि तीर म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा ते जूनचा पहिला आठवडा.

मी विचारलं, "माझ्या कागदाची वाट का नाही पाहिली?"

"त्यात काय पाहायचं? आपल्याकडं आभाळ कधी साफ असतं? चैत-वैशाखात. एक ढग दिसत न्हाई. आणि पुढं मदरशाची सुट्टी लागून येते, जास्तीचे दिवस फुकट."

वीस वर्षं हा माणूस मुलांना पृथ्वीचा कल शिकवत होता. दर वर्षी जळत्या कंदिलाभोवती पृथ्वीचा गोल फिरवून दाखवत होता. स्वतःच्या रजेची वेळ आली तेव्हा त्याने अंगणात उभं राहून वर पाहिलं आणि अर्ज केला. मुंबईहून आगबोटीने मार्सेलिस, तिथून गाड्या बदलत स्टॉकहोम, तिथून उत्तरेची गाडी, सगळे चोवीस दिवस. म्हणजे मामा एप्रिलच्या शेवटी पोचणार होते आणि तिथे त्यांना रात्रभर संध्याकाळच पाहायला मिळणार होती.

हे समजल्यावर त्यांनी माझा कागद ओढून घेऊन परत वाचला. मग म्हणाले, "मग भादव्यात जाऊ. तुझ्या कागदात सप्टेंबर हाय की."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भादव्याच्या वद्यात? आणि मामंजींचं श्राद्ध कोण घालणार, तिकडचे कावळे?"

मामा एकुलते एक. वडिलांची तिथी पितृपक्षातली अष्टमी. सप्टेंबरातल्या अंधाऱ्या रात्री आणि पितृपक्ष एकच, हे मला आधी दिसायला हवं होतं. पंचांग माझ्याच हातात होतं, मी त्यात फक्त चंद्र पाहिला होता.

ऑक्टोबरातली अमावास्या दिवाळीची, तीही बाद. राहिले फेब्रुवारी-मार्च. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमावास्या येते, म्हणजे शिवरात्रीला तिथे हजर राहायचं. त्यासाठी मंजूर झालेली रजा परत करून नवी मागायची. आणि मार्चअखेर वार्षिक इम्तिहान. मंजूर रजा परत केली आणि नवी नामंजूर झाली तर दोन्ही गेल्या. अर्ज मामांनी तीन वेळा लिहिला आणि तीन वेळा घडी करून खिशात ठेवला. चौथ्या वेळी मी तो काढून घेतला.

मोहतमिम साहेब, म्हणजे जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, यांच्या कचेरीत आम्ही सकाळी दहाला गेलो. दारातल्या अहलकाराने, म्हणजे कारकुनाने, अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मास्तर, लोक गर्मीत थंड मुलखात जातेत. तुमी थंडीत थंड मुलखात जायलाय?"

"अंधार पाहिजे मला," मामा म्हणाले.

"अंधार तर झरीला पण हाय. बैलगाडीनं जा, दुसऱ्या दिवशी परत या."

त्याने अर्ज घेतला नाही. कारण पुरेसं नव्हतं. रजेच्या नमुन्यात आजार, लग्न, मयत, हज आणि तीर्थयात्रा यांचे रकाने होते. तीर्थयात्रा लिहा, असं तो सुचवत होता. मामा ऐकेनात. खोटं लिहून मी हे पाहणार नाही, म्हणाले. मी त्यांना बाहेर नेऊन सांगितलं की खरं लिहून तुम्ही ते अजिबात पाहणार नाही. तेही त्यांना पटलं नाही. दुपारपर्यंत आम्ही कडुनिंबाखाली बसलो. मग मी मदरशात जाऊन पृथ्वीचा गोल घेऊन आलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

साहेब नमाजानंतर परतले तेव्हा मामा गोल काखेत धरून उभे राहिले. साहेबांनी आत बोलावलं. मामांनी टेबलावरचा दिवा लावायची परवानगी मागितली, गोल कलता धरला आणि बोलू लागले. हा वैशाख, वरचं टोक दिव्याकडे. गोल कितीही फिरवा, नार्विक उजेडातच. हा माघ-फाल्गुन, आता फिरवा, अर्धा वेळ अंधार. शिकवताना त्यांचा आवाज नेहमी जरा चढायचा, तो चढला. चाळीस मुलं समोर असल्यासारखे ते बोलत होते आणि मला राग येत होता, कारण हे सगळं त्यांना महिन्यापूर्वीही येत होतं.

साहेबांनी गोल स्वतः फिरवून पाहिला. दोनदा पाहिला.

"म्हणजे आपल्याला अंधारासाठी रुखसत, रजा हवी."

"जी."

"मग तेच लिहा. पण इम्तिहानाला हजर राहायचं. दोन महिन्यांवर एक दिवस मिळणार नाही."

मामांनी कारणाच्या रकान्यात 'अंधार' असं लिहिलं. अहलकाराने त्यावर शिक्का मारला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

साठ दिवसांतून जाण्या-येण्याचे अठ्ठेचाळीस गेले. दोन दिवस गाड्या चुकण्यासाठी. उरल्या दहा रात्री. मी नवा कागद केला. आधी नार्विक, कारण तिथे हॉटेल बरं. ढग असतील तर हट्ट न करता त्याच दिवशी गाडीने आबिस्को. स्टेशनमास्तरला पलीकडचं आभाळ विचारायचं, तारेवर कळतं. त्याखाली दिवसाची कामं लिहिली: रेनडियरची घसरगाडी, किरुनाची लोखंडाची खाण, गोठलेल्या तळ्यावर चालणं, बंदरावर मासळीचा लिलाव.

ती यादी पाहून मामा चिडले. "म्हणजे दिसणार न्हाई असं धरूनच चाललास तू."

"दिसला नाही तर दिवसभर खोलीत बसून चिडाल, म्हणून लिहिलंय."

"मी मासळी बघायला सात समुद्र ओलांडू?"

मामींनी मेतकूट, तिळाची चटणी आणि दोन घोंगड्या बांधून दिल्या. शिवाय एक वचन घेतलं, ते मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नार्विकहून विमानटपालाने निघालेलं पत्र आलं. पहिली दोन पानं मासळीच्या लिलावाची होती. तिसऱ्या पानावर घसरगाडी. चौथ्यावर कळलं की शिवरात्रीपासून नार्विकवर ढग होते, स्टेशनमास्तरने आबिस्कोचं आभाळ स्वच्छ असल्याचं दोन्ही दिवस सांगितलं होतं आणि मामा गाडीत बसले नव्हते. शिवरात्रीला उपास, म्हणून प्रवास नको. दुसऱ्या दिवशी ते निघणार, तर दुपारपासून अमावास्या लागत होती, आणि अमावास्येला प्रस्थान करायचं नाही असं मामींना वचन दिलेलं. ज्या रात्रीसाठी साहेबांच्या टेबलावर गोल फिरवला, ती रात्र त्यांनी खिडकीतून ढग पाहत काढली. प्रतिपदेला निघताना त्यांनी स्टेशनवरून हे पत्र टाकलं. तोवर ढग आबिस्कोला पोचल्याचं स्टेशनमास्तरने सांगितलं होतं.

पत्र मी तिथेच खाली ठेवलं. मामींनी विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हटलं, "तुमचं वचन पाळलं." त्यांना बरं वाटलं.

दुसरं पत्र आबिस्कोचं, आठ दिवसांनी आलं. ते लहान होतं. नवव्या रात्री ढग फाटले. उत्तरेला एक पांढुरका पट्टा दिसला. मामांना वाटलं, परत ढगच आला. वैतागून ते आत जाऊन घोंगडी पांघरून झोपले. घरमालकिणीने दार वाजवलं आणि त्यांना तसंच घोंगडीसकट बाहेर ओढून नेलं. पट्टा हिरवा झाला होता आणि हलत होता. डोक्यावरून तो पडद्यासारखा खाली सुटला, पाऊण तास राहिला आणि विझला. 'वर्गात मी याला स्थिर कमान म्हणून शिकवत होतो,' एवढंच त्यांनी पुढे लिहिलं होतं. दहाव्या रात्री बर्फ पडला.

मामा इम्तिहानाच्या आदल्या दिवशी परतले. रुजू होण्याचा अर्ज द्यायचा होता, त्यात रजा कारणी लागली की नाही हा रकाना होता. मामांनी लिहिलं, 'अंधार मिळाला.' अहलकाराने अर्ज परत पाठवला. किती मिळाला, ते लिहावे.

मामांनी तिथेच उभ्याने दुरुस्ती केली: 'दहा रात्री. पैकी कामाचा, पाऊण तास.'