नुसता एक

आमच्या मराठी मंडळाच्या मदतीच्या नंबरवर एकदा नुसता ‘1’ आला. नमस्कार नाही, नाव नाही, फक्त तेवढाच आकडा. मी त्याला जे उत्तर दिलं त्यात चूक काढून दाखवा, असं आव्हान मी तेव्हा कुणालाही दिलं असतं. आता ते उत्तर आठवलं की जीव हळहळतो. पलीकडे एक मुलगा होता आणि त्या दिवसांत त्याची पदवी हातातून निसटत चालली होती.

मी जर्मनीत, वाल्डॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. चॅटवर यंत्राने गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यायचं, ते लिहिणं हेच माझं काम. नुसता आकडा पाठवणारे लोक आमच्या रोजच्या ओळखीचे. कुणी फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘एक दाबा’ ऐकून तोच एक चॅटवर लिहितो, कुणी दुसऱ्याच कंपनीची यादी डोक्यात ठेवून येतो. अशा वेळी आमचा पहिला नियम असा, की अंदाज बांधायचा नाही. आपण यादी दाखवलेलीच नाही, तर त्या एकाचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही, हे सरळ सांगायचं आणि काय हवंय ते विचारायचं.

मंडळाचा फोन आम्ही काही जण आळीपाळीने सांभाळतो. पूर्वी त्या नंबरवर काहीही पाठवलं की आपोआप एक यादी यायची, त्यातला आकडा पाठवायचा. ‘माणसं असताना मशीन कशाला बोलतं?’ अशी कुरकुर झाली आणि ती यादी बंद केली. हे सगळं मी मंडळात येण्यापूर्वीचं. मी आले तेव्हा यादीही नव्हती आणि तिच्यात एक म्हणजे काय होतं, हे सांगणारंही कुणी उरलं नव्हतं.

तरीही अधूनमधून आकडे यायचेच. माझ्या आधीच्या पाळीत फोन सांभाळणारे काका फार उत्साही. त्यांना एकदा असाच ‘1’ आला. गणपती जवळ आले होते, तेव्हा हा त्याचीच नोंदणी करतोय असं धरून त्यांनी आरतीची वेळ, हॉलचा पत्ता आणि मोदक स्पर्धेचे नियम असं सगळं धाडून दिलं. पलीकडच्या बाईंना दाढदुखीसाठी डॉक्टर हवा होता. आम्ही त्यावर खूप हसलो, आणि मी सर्वांना नियम शिकवला. काका म्हणाले, आता तुमच्यासारखी शिकलेली माणसं आली, आम्ही सुटलो. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला सांगू.

म्हणून माझ्या पाळीत ‘1’ आला तेव्हा मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्ये बसून, नीट विचार करून लिहिलं: “नमस्कार. तुम्ही ‘1’ पाठवला आहे, पण आमच्याकडून तुम्हाला कुठलीही यादी आलेली नाही, त्यामुळे त्याचा अर्थ मला कळलेला नाही. तुम्हाला कशाबद्दल मदत हवी आहे, ते कृपया सविस्तर लिहाल का?”

लगेच दोन निळ्या खुणा झाल्या. मग तो काहीतरी टाइप करतोय असं दिसू लागलं. थांबलं, परत सुरू झालं, परत थांबलं. माझा डबा संपला. शेवटी उत्तर आलं, “सॉरी, चुकून गेला.” मी अंगठा पाठवला आणि मीटिंगला गेले.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मंडळाच्या ग्रुपवर एका मुलाने लिहिलं, की कार्ल्सरूहेची खोली सोडतोय, प्रेशर कुकर आणि पोळपाट-लाटणं कुणाला हवं असेल तर घेऊन जा. आमच्या कुकरचं झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून शनिवारी मी गाडी काढली. खोलीत एक उघडी बॅग, एक गुंडाळलेली गादी. कोल्हापूरकडचा मुलगा, बोलायला मऊ. मी सहज विचारलं, पदवी झाली का. तो म्हणाला, नाही, एका विषयात शेवटच्या संधीतही नापास झालो, त्यामुळे एक्समॅट्रिकुलेशन झालं, म्हणजे युनिव्हर्सिटीतून नावच काढलं. आता तो कोर्स इथे पुन्हा करता येत नाही. परीक्षेच्या आधी वडील अचानक गेले होते. तो गावी जाऊन, दिवस करून परत आला आणि तसाच पेपरला बसला.

मी म्हटलं, अरे, अशा कारणासाठी आणखी एक संधी मागणारा वेगळा अर्ज करता येतो. आमच्या मंडळात एक ताई आहेत, त्यांनी दोघा-तिघांना तो करून दिलाय. संधी मिळतेच असं नाही, पण विचार तरी होतो. त्याला हे नंतर कळलं होतं. “गेनाऊ, बरोबर,” तो म्हणाला, पण तोवर अर्जाची मुदत संपली होती.

मग मी, मोठी शहाणी, त्याला रागावले. मंडळाचा नंबर असतो, त्यावर एक मेसेज टाकायला काय झालं होतं?

“टाकला होता, ताई,” तो म्हणाला. “सीनियरने जुन्या यादीचा फोटो दिला होता. त्यात एक म्हणजे परीक्षा आणि युनिव्हर्सिटी. मी एक पाठवला.”

माझ्या हातात कुकर होता. तो मी खाली ठेवला.

“उत्तर आलं होतं,” तो पुढे म्हणाला. “चांगलं होतं. पण सविस्तर लिहा म्हणाले. मी लिहायला बसलो, पण बाबा गेले हे लिहायचं, मग नापास झालो हे लिहायचं. आईलासुद्धा तोवर सांगितलं नव्हतं. एक लिहिणं सोपं होतं.”

ते उत्तर माझं होतं, हे मी त्याला सांगितलं. तो गडबडला. उलट मलाच समजावू लागला, की नाही ताई, तुमचं बरोबरच होतं, तुम्हाला कसं कळणार. त्याने चहा ठेवला. दूध संपलं होतं, म्हणून आम्ही कोराच प्यायलो.

तो म्हणत होता ते खरंच होतं. मला कळणं शक्य नव्हतं, आणि अंदाज न बांधणं हेही बरोबर होतं. पण ज्याने सगळं बळ एकवटून एकच आकडा टाइप केलाय, त्याच्याकडे मी निबंध मागितला. तो ‘चुकून’ म्हणाला आणि मी अंगठा दाखवून मोकळी झाले. टाइप करता करता तो थांबत होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता आमचं उत्तर वेगळं आहे. त्यात लिहिलंय, की तुमचा मेसेज मिळाला. इथून यादी गेलेली नाही, म्हणून तुमचा एक कशासाठी ते कळत नाही. अभ्यास, घर, तब्येत की आणखी काही? एक शब्द पुरे. लिहायचं नसेल तर नुसतं ‘फोन’ लिहा, आम्ही फोन करू. जुन्या यादीचा फोटोही मिळवून ठेवलाय, पण तो अंदाज बांधायला नाही, विचारताना हाताशी असावा म्हणून. बैल गेला आणि झोपा केला, त्यातलाच प्रकार.

त्या शनिवारी निघताना मी त्याला माझा स्वतःचा नंबर दिला. घरी पोचलास की कळव, म्हटलं. काय लिहू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, काही लिहू नकोस, नुसता एक पाठव, मला कळेल.

त्याचा कुकर आमच्याकडे रोज चढतो. तो एक अजून आलेला नाही.