रोखीचा भाव

सत्तर हजार हा आकडा ह्यांच्या डोक्यात शिरला आणि घरातली शांतता गेली.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. भिवंडीच्या नारपोलीत आमचे कापड विणायचे थोडे लूम होते आणि लूमच्याच आवारात उभी राहणारी एक जुनी पांढरी गाडी. त्या गाडीतून माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अब्बांना, दर बुधवारी आणि शनिवारी ठाण्याला डायलिसिसला न्यायचं. गाडी कशेळीच्या पुलावर कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. मागच्या महिन्यात दोनदा पडली होती. मागे ट्रकवाले हॉर्न मारताहेत, हे बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे आहेत आणि अब्बा मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेत. मी त्यांचे सुजलेले पाय बघायची आणि गाडीला मनातल्या मनात शिव्या द्यायची.

शेवटी नवी छोटी गाडी घ्यायचं ठरलं. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण सुरुवातीची रक्कम आपली आपण भरायची होती आणि ती जुनी गाडी विकूनच यायची होती. ठाण्याच्या शोरूममध्ये जुन्या गाड्या बदल्यात घ्यायचे. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढून झटकला. त्यातून पांढरी रुई भुरभुर खाली पडली. आमच्या घरात, जेवणात, केसांत असते तीच.

"भिवंडीची गाडी दिसते," तो म्हणाला आणि पंचावन्न हजार सांगितले. शनिवारपर्यंत हा भाव. जुनी गाडी द्यायची, त्याच दिवशी नवी न्यायची.

मी विचारलं, "जुनी गाडी दिलीच नाही, तर नवीच्या किमतीत काही सूट?"

तो खिशातलं पेन चाचपू लागला. ह्यांनी मला कोपराने ढोसलं. मी तशीच उभी राहिले. मग तो म्हणाला, पाच हजार सुटतात, पण बदल्यात गाडी दिली तर ती सूट नाही. म्हणजे पंचावन्न हे बोलायचे, खरे पन्नासच. परत येताना हे सारखे तेच बोलत होते, बघ कसे फसवतात, पन्नास हजारांत गाडी उचलायला निघालेत.

आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी हे हसत घरी आले. आम्हाला सूत देणाऱ्या शेठने गाडी मागितली होती. सत्तर हजार! रुईची त्याला काय फिकीर, त्याच्याही गोदामात तीच उडते. ह्यांनी दोन हजार टोकन घेतलंसुद्धा.

"वीस हजार जास्त," हे म्हणाले. "शोरूमवाल्याला सांगून टाकतो, आमची गाडी मिळायची नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझा स्वभाव संशयी, आणि ह्यांचा चेहरा जरा जास्तच फुललेला. "बाकीचे पैसे कधी?" मी विचारलं.

"येतील गं."

"कधी?"

मग हळूहळू बाहेर आलं. टोकन धरून वीस हजार गाडी नेताना रोख. उरलेले पन्नास आमच्या सुताच्या खात्यात वळते होणार होते. पुढचे दोन महिने तेवढं सूत बिनपैशाचं यायचं. ह्यांच्या दृष्टीने ते पैसेच होते. भिवंडीत सूत उधार येतं, कापड उधार जातं, आणि सगळा बाजार त्या आशेवर सुखाने झोपतो. माझं डोकं भडकलं.

"शोरूमवाला सूत घेतो का?" मी म्हणाले.

"सुताचे पैसे वाचले की जमतील. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"आणि दोन महिने अब्बांना कशातून नेणार? जुनी शेठकडे, नवी शोरूममध्ये."

"रिक्षा आहेत, टॅक्सी आहेत." ह्यांचाही आवाज चढला. "मी जबान दिलीय. शेठला नाही म्हटलं आणि त्याने सूत बंद केलं, तर लूमवर काय घालू, तुझे हिशेब?"

हे बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. टॅक्सी मी एकदा आणून पाहिली होती. ठरलेल्या वेळी ती आलीच नाही आणि दवाखान्यात अब्बांचं मशीन दुसऱ्याला दिलं गेलं. त्या रात्री त्यांना आडवं झोपता आलं नव्हतं, श्वास पुरत नव्हता. हे सगळं ह्यांनीही पाहिलं होतं.

अब्बा आतल्या पलंगावर होते. भिंत कसली, पडदाच होता मध्ये.

"बेटा," त्यांनी मला हाक मारली. "नको भांडू. हप्त्यात एकदा गेलो तरी चालंल मला. वीस हजार लई हाय."

मला जे वाटलं त्याला राग म्हणू की भीती, कळत नाही. मी पडदा बाजूला केला आणि सासऱ्यांसमोर आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "अब्बा, तुमचे दिवस विकून गाडी विकायची असेल तर मला या घरात विचारू नका."

लूमची खडखड तेवढी चालू होती. हे दारात पाठमोरे उभे होते. मग अब्बांनी फोन मागितला.

शेठशी ते नेहमीसारखे बोलले, आधी तब्येत, मग मुलांची खुशाली, मग बाजार. शेवटी म्हणाले, "शेठ, गाडी का सौदा तो हुआ, पर एक बात रह गई. पूरा नगद दोगे तो क्या भाव?"

मी अब्बांच्या चेहऱ्याकडे बघत होते. पन्नासच्या वर काहीही असतं तरी आमचं जमलं असतं.

"अठ्ठेचाळीस," अब्बांनी फोन ठेवत सांगितलं. मग ते लेकाकडे वळले. "सूत घेताना पयलं काय इचारतोस तू?"

हे खाली बघत म्हणाले, "रोखीचा भाव काय, उधारीचा काय."

"मग गाडीला का न्हाय इचारलं?"

शोरूमचा भाव रोखीचा होता आणि शेठचा उधारीचा. रोज दहा वेळा हा फरक करणारा माझा नवरा, चार चाकं दिसल्याबरोबर तो विसरला होता.

टोकन परत करायला अब्बा स्वतः गेले. जबान मोडायची तर ती घरातल्या मोठ्याने मोडावी, असा त्यांचा हट्ट. पेढीचे जिने चढताना ते दोनदा थांबले. शेठने पैसे घेतले, चहा पाजला, सूत बंद केलं नाही. फक्त पुढचे काही महिने आमची उधारीची मुदत निम्म्यावर आणली. तेवढं ह्यांनी मुकाट्याने सोसलं.

शनिवारी आम्ही अब्बांना दवाखान्यात मशीनवर सोडलं आणि शोरूमला गेलो. ह्यांनी जुन्या गाडीच्या मालकाचं नाव बदलायच्या फॉर्मवर सह्या केल्या. शोरूमने ती किती वाजता ताब्यात घेतली याची पावती मी हट्टाने लिहून घेतली, कारण कागदावर नाव बदलेपर्यंत गाडीने कुणाला ठोकलं तरी पोलीस आमच्याच दारात आले असते. जुन्या गाडीच्या डिकीतून रिकामा डबा आणि अब्बांची उशी काढून घेतली.

परतताना अब्बांना घेऊन नवी गाडी कशेळीच्या पुलावर आली. पूल संपला तेव्हा ह्यांनी श्वास सोडला आणि आरशातून मागे बघत म्हणाले, "वीस हजार गेले, अब्बा."

अब्बांनी डोकं उशीला टेकलं होतं. डोळे न उघडताच म्हणाले, "गेलं कुठं? हितं मागं बसल्यात की."

ह्यांनी गाडीचा वेग तेवढा कमी केला, पुढे रस्ता खराब होता.