दाबलेला मुरूम

आमच्या जिल्ह्याचे तुकडे झाले, त्या वर्षी वांकिडीत नव्या कचेरीच्या आवारात मुरूम भरायचं काम निघालं. गल्लीतला एक ठेकेदार निविदेतल्या इंग्रजी कराराचा मराठी तर्जुमा घेऊन माझ्याकडे आला, कारण मला लोक हिशोबाचा पक्का समजत. परिमाणपत्रक म्हणजे कामांची यादी, त्यांची मापं आणि दर. दर पृथक्करण म्हणजे एका घनमीटरच्या दरात मुरूम, गाडीभाडं, मजुरी, रोलर किती धरलं ते. एवढं मी नीट समजावलं.

मग त्याने विचारलं, "दादा, हा घनमीटर गाडीतला का रोलर फिरवल्यावरचा?"

मुरुमाच्या ओळीत 'दबाई करून', म्हणजे रोलरने दाबून, असं होतं. त्याचा मापाशी काय संबंध, हे मला ठाऊक नव्हतं.

"घनमीटर म्हणजे घनमीटर," मी म्हणालो. "गाडीच्या मापानं दर काढ."

"तुमी म्हनता तर झालं."

त्याचा दर सगळ्यांत कमी निघाला आणि काम त्याला मिळालं. मापाच्या दिवशी इंजिनियरने दाबलेला थर टेपने मोजला. दहा गाड्यांचा मुरूम सात गाड्यांइतकाच भरला. तीन गाड्या त्याच्या खिशातून गेल्या.

"हे कागदात होतं काय, दादा? मंग काऊन नाई सांगितलं?"

"तर्जुम्यातच नीट लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

त्याने ते खरं मानलं. तर्जुमा करणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनाच्या दारात जाऊन त्याने माझ्यादेखत त्याला नाही नाही ते ऐकवलं. म्हातारा चष्मा लावून 'दबाई करून' ही आपलीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला.