सिस्टरांचा उतरलेला सूर

कसबा बावड्याच्या रस्त्याला आमचा स्टुडिओ होता, आणि त्याच्या बरोबर खाली पिठाची गिरणी. भाडं कमी म्हणून मी ती जागा घेतली आणि पुढची नऊ वर्षं त्याचं प्रायश्चित्त घेतलं. भिंतींना गाद्या ठोकल्या, दाराला रबर लावलं, तरी गिरणी सुरू झाली की माइकच्या पोटात घरघर यायचीच. त्यामुळे गाण्याचं रेकॉर्डिंग फक्त सोमवारी, कारण सोमवारी गिरणी बंद. बाकीचे दिवस मी कीबोर्डवाल्यांना बोलवायचो, जाहिराती जोडायचो आणि लोकांनी गाऊन ठेवलेलं निस्तरायचो.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. टेप जाऊन कॉम्प्युटर आला होता आणि पुण्याच्या एका मित्राने मला सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर दिलं होतं. माणूस किंचित खाली गायला तर ते त्याला उचलून जागेवर ठेवायचं. मी इतका हरखलो होतो, की कुणी बेसूर गायलं तर मला आनंदच व्हायचा.

त्याच सुमारास उचगावच्या एक बाई भावाला घेऊन माझ्याकडे आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळ्यांच्या सिस्टर. त्यांच्या वडिलांनी वस्तीतल्या विहारासाठी एक गाणं रचलं होतं. बाबासाहेबांच्या जयंतीला ते दरवर्षी वडीलच म्हणायचे, ते गेल्यावर सिस्टर म्हणू लागल्या. भाऊ फौंड्रीत फिटर होता आणि वडिलांची पेटी तो वाजवायचा. सिस्टरांना गाणं घाईने रेकॉर्ड करून हवं होतं. गळ्यात थायरॉइडची गाठ होती, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. आवाजाची नस गाठीला अगदी लागून जाते, तिला धक्का बसला तर आवाज बदलू शकतो, कदाचित परत येणारही नाही, हे त्यांनी मला औषधाच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं.

"मी सोमवारी येतो," त्या म्हणाल्या. "मागनं काय व्हईल ते व्हईल."

मधे एकच सोमवार होता. संगीत तयार नव्हतं, कीबोर्डवाला सांगलीला लग्नात अडकला होता. मग मी युक्ती काढली. सिस्टर आतल्या खोलीत माइकसमोर उभ्या राहतील, भाऊ बाहेर माझ्याशेजारी पेटी वाजवेल, पेटीचा आवाज आणि ठेक्याची टिकटिक सिस्टरांना हेडफोनमधून ऐकू जाईल. पेटीचा ट्रॅक वेगळा पडेल, नंतर तो बंद करून खाली कीबोर्ड आणि बासरी भरू. पट्टी कोणती, म्हणून विचारलं. भाऊ म्हणाला, काळी चार. मी ते वहीत लिहिलं आणि सांगलीला फोन करून कीबोर्डवाल्यालाही सांगितलं, काळी चार.

सिस्टर एका दमात गायल्या. दुसरा टेक घेऊ का विचारलं, तर मानेनेच नको म्हणाल्या, गळा दुखत होता. मी इतकी वर्षं या धंद्यात, पण त्या दिवशी गाणं संपेपर्यंत काचेपासून नजर हलवली नाही.

ऑपरेशन झालं. जिवावरचं निभावलं, पण आवाज गेला. बोललं तर नुसती हवा यायची. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वाट बघा.

इकडे कीबोर्डवाला काळी चारमध्ये संगीत वाजवून गेला, बासरीवाला त्यावर सुंदर तुकडे टाकून गेला. मी पेटी बंद केली, खाली संगीत लावलं, वर सिस्टरांचा आवाज ठेवला आणि कपाळाला हात लावला. बाई खाली गायल्या होत्या. फार नाही, पण मुखड्यापासून शेवटापर्यंत आवाज संगीताच्या थोडा खाली चालला होता. पांढऱ्या पट्टीपासून शेजारच्या काळीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले, तर तीस भाग. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येणार नाही, पण खटकणार.

भावाचा फोन आला तेव्हा मी शहाणपणा केला. म्हणालो, सिस्टर जरा उतरल्यात, गाठीमुळे असेल, पण काळजी करू नका, माझ्याकडे इलाज आहे. त्याने ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं.

मग मी इलाज सुरू केला. सॉफ्टवेअरला गाण्याचे सूर नेमून दिले आणि दुरुस्ती किती झटकन व्हावी याचा जो नॉब होता, तो टोकाला नेला. सूर लागला न लागला तोच पकडून जागेवर आणायचा. पडद्यावरची वाकडीतिकडी रेघ क्षणात सरळ झाली. मला वाटलं, जिंकलो.

रविवारी दोघं ऐकायला आले. पहिलीच ओळ वाजली आणि भावाने माझ्याकडे बघितलं. सिस्टर एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना घसरत जायच्या, वडिलांची ती लकब होती, आणि त्या घसरणीच्या आता पायऱ्या झाल्या होत्या. लांबवलेल्या सुरातला बारीक कंप गेला होता. मुरकी तर बटण दाबल्यासारखी वाजत होती. सूर एकूण एक जागेवर होते आणि गाणारं माणूस कुठेच नव्हतं.

सिस्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मला जवळ बोलावलं, कारण लांबून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"ह्यो माझा आवाज असंल," त्या म्हणाल्या, "तर गेला तेच बरं झालं."

त्या रागावल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. निघताना त्यांनी भावाला हळूच काहीतरी म्हटलं. ते त्याने मला जिन्यात सांगितलं. अक्का म्हणत होती, वडलांचं गाणं शेवटचं म्हटलं, आणि तेबी बेसूर म्हटलं. मला स्वतःची लाज वाटली. बेसूर हा शब्द त्या घरात मी नेला होता.

दुसऱ्या दिवशी नॉब उलटा फिरवला. दुरुस्ती सावकाश केली. आता घसरणी परत आल्या, कंप परत आला, पण लांब सूर खाली लागून मग रांगत वर यायला लागला आणि छोटे सूर दुरुस्तीची पाळी येण्याआधीच संपून जायला लागले, खालचे खालीच. प्रत्येक ओळ दमून जिना चढल्यासारखी वाटायची. मधला वेग धरला, तर दोन्हीकडचे दोष थोडे थोडे. मग एकेक सूर हाताने उचलायला बसलो. दोन दिवसांत दोन ओळी झाल्या, आणि त्याही एकमेकींशी जुळेनात.

तिसऱ्या दिवशी वैतागून सगळं काढून टाकलं आणि मूळ आवाज पुन्हा लावला. काढताना गडबडीत भलतंच झालं होतं, संगीत बंद पडलं होतं आणि पेटीचा ट्रॅक उघडा राहिला होता. स्पीकरमधून फक्त सिस्टर आणि पेटी आली.

मी खुर्चीत सरळ झालो. मघासारखं काही खटकत नव्हतं. आवाज पेटीत असा बसला होता, की पेटी थांबली तरी चालू आहे असं वाटावं.

उठून कीबोर्डवर काळी चार दाबली आणि पेटीच्या ट्रॅकमधली काळी चार ऐकली. पेटी खाली होती. तीस भाग. वडिलांच्या काळातली पेटी, ज्याने बनवली त्याने ती जिथे लावली तिथेच ती इतकी वर्षं इमानदारीने वाजत होती. भाऊ, मी आणि कीबोर्डवाला, तिघांनी एकमेकांना काळी चार सांगितली होती आणि पेटी कीबोर्डशी जुळवून बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे माझ्या. बाकीच्यांचं ते काम नव्हतं.

मग काम उरलंच किती? संगीतच खाली आणावं असं आधी वाटलं, पण कीबोर्ड, बासरी असे सगळेच ट्रॅक हलवण्यापेक्षा एकटा आवाज हलवणं सोपं होतं. म्हणून सिस्टरांचा अख्खा टेक, श्वासासकट, जसाच्या तसा तीस भाग वर सरकवला. लय तीच ठेवली. एवढ्याशा बदलाने आवाजाचा पोत हलत नाही. कोणत्याच सुराला शेजाऱ्यापासून तोडलं नव्हतं, त्यामुळे घसरणी, कंप, मुरक्या जिथल्या तिथे राहिल्या. संगीत लावलं आणि आवाज त्यात जाऊन बसला. तरी तीन ठिकाणी ओळीच्या शेवटी सूर खरोखरच खचत होता. तिथे मी रेघ हाताने धरली, सुराची सुरुवात तशीच ठेवली आणि फक्त खचणारं शेपूट हलकेच वर घेतलं, तेही पुरतं सरळ न करता. नॉबला हातसुद्धा लावला नाही.

यावेळी मीच सीडी घेऊन उचगावला गेलो. भावाने प्लेअर लावला. सिस्टर पलंगावर बसल्या होत्या, गळ्याला अजून पट्टी. दुसऱ्या ओळीला भावाने कोपऱ्यातल्या पेटीकडे बघितलं आणि मग अक्काकडे. मी पेटीची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणालो, चूक माझी होती, मी आधी तपासायला हवं होतं.

सिस्टरांनी मला जवळ यायची खूण केली.

"किती वर घेतलासा?"

"तीस भाग."

"समदं सारखंच?"

खोटं बोलावंसं वाटलं. बोललो नाही. "तीन जागा सोडून," मी म्हणालो. "तिथं थोडं जास्त."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, आवाज नव्हताच. मग एकेक बोट उघडत त्यांनी तिन्ही जागा सांगितल्या, कोणतं कडवं, कोणता शब्द. एकही चुकली नाही. तिथे श्वास पुरला नव्हता, म्हणाल्या, गातानाच कळलं होतं.

"मग बाकी मी सुरातच होतो," त्या म्हणाल्या.

"व्हय," मी म्हणालो. "तुम्ही सुरातच होता."

भाऊ उठला आणि त्याने गाणं पहिल्यापासून लावलं.