चष्म्याच्या डबीतली पुडी

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. जानेवारीतली सकाळ होती. सिहोऱ्याहून आलेला मटार मी इथल्याच गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारातून आणला होता. अंगणात पोतं पसरलं, मध्ये परात ठेवली. दाणे तिकडं, सालं इकडं. ती सोलत होती आणि मी सोलता सोलता अर्धे खात होतो.

"दाणे परातीत टाका, पोटात नका टाकू," ती म्हणाली.

मग मी विचारलं, "परीक्षेचा फॉर्म कधी भरतेस? दिवस संपून राहिले."

"नाही भरत. स्वतःच्या हातानं काय ठेवलं ते ज्या बाईला आठवत नाही, तिनं विज्ञान काय पाठ करायचं?"

तिचं हे बोलणं माझ्यामुळं होतं. ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. म्हणून आधीचं सांगतो.

ती अंगणवाडीत मदतनीस होती. झाडू मारायचा, खिचडी शिजवायची, लेकरांची नाकं पुसायची. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंची जागा मिळायला दहावी पाहिजे होती. ती आठवीपर्यंत शिकलेली, मी चौथीपर्यंत. रिछाईच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं लेथ चालवली, वाचायचं काम कधी पडलं नाही. तिनं पंचेचाळिशी ओलांडल्यावर ओपन स्कूलमध्ये नाव टाकलं. मी हसलो होतो. "नातवंडं खेळवायच्या वयात शाळा?" "नातवंडं आहेत कुठं?" ती म्हणाली. आम्हाला मूल नव्हतं. माझं हसणं थांबलं.

एप्रिलमध्ये पेपर सुरू झाले. वेळ दुपारी अडीच ते साडेपाच. पहिल्या दिवशी ती खोलीत शिरली तर सगळी पोरं उठून उभी राहिली, "गुड आफ्टरनून मैम". तिनं बाकावरचा रोल नंबर शोधला आणि बसली, तेव्हा मागून एक पोरगी म्हणाली, "अरे आंटी, आप भी हमारी तरफ़ की निकलीं!" घरी येऊन ती हे सांगत हसत होती. असं हसताना मी तिला फार वर्षांनी पाहिलं.

नियम तिनं पेपरापेक्षा जास्त पाठ केले. जेवताना मला ऐकवायची. पहिली पंधरा मिनिटं प्रश्नपत्रिका फक्त वाचायची, पेन लावायचा नाही. प्रश्नपत्रिकेवर रोल नंबर सोडून काही लिहायचं नाही. उत्तरपुस्तिकेच्या पहिल्या पानावर रोल नंबर आधी अंकात, मग अक्षरात. आपलं नाव आत कुठंच नाही, देवाचंही नाही. पुरवणी घेतली तर तिचा आकडा लिहायचा आणि दोऱ्यानं बांधायची. हजेरीच्या कागदावर सही, ती ओळखपत्रावर आहे तशीच. हॉलतिकीट, ओळखपत्र, पेन. बाकी कागदाचा कपटा चालत नाही.

"अंगारा तरी?" मी विचारलं.

"नाही. चिमूटभर कपाळाला लावते घरूनच."

चार पेपर चांगले गेले. विज्ञानाची तिला भीती होती. आदल्या दिवशी ताट तसंच ठेवून पुस्तक घेऊन बसली. मी म्हातारा, मला वाटलं आपण काय करू शकतो? रद्दीतला एक कागद फाडला, अंगाऱ्याची पुडी बांधली आणि तिच्या चष्म्याच्या डबीत, पुसायच्या कापडाखाली दडवली. त्या कागदावर काय छापलं आहे ते पाहिलं नाही. माझ्यासाठी कागद म्हणजे कागद. आणि तिला सांगितलं नाही, कारण तिनं काढून ठेवली असती.

केंद्राच्या फाटकावर तपासणाऱ्या बाईंनी तिची पिशवी पाहिली, पदर झटकायला लावला, डबीला हात लावला नाही. पोरांजवळ चष्म्याची डबी नसते, म्हणून ती तपासायची कोणाला सवय नसावी. मी बाहेर लिंबाखाली बसलो होतो. साडेतीनच्या सुमारास एक गाडी आली, तीन माणसं उतरली. तपासणीची टोळी. मला काही वाटलं नाही.

आतलं तिनं नंतर सांगितलं. ते बाक बाक करत आले. एका मॅडमनी डबी उघडली, कापड उचललं, पुडी सोडली. राख बाकावर सांडली आणि कागद हातात राहिला. ते तिच्याच जुन्या गाइडचं फाटलेलं पान होतं. प्रकाशाचे नियम, आरशाची आकृती, उत्तरासकट. आणि त्याच दिवशी विज्ञान.

"ये क्या है, माताजी?"

"मुझे नहीं मालूम, मैडम."

मागं कोणीतरी फिसकन हसलं.

उत्तरपुस्तिका काढून घेतली. त्यावर वेळ लिहिली, पान जोडलं. दुसरी कोरी उत्तरपुस्तिका दिली, की उरलेल्या वेळात पुन्हा पहिल्यापासून लिही. एका कागदावर तिचं म्हणणं लिहायला लावलं. तिनं लिहिलं, कागद माझ्या डबीत सापडला, कोणी ठेवला मला माहीत नाही. सही केली. मग दुसऱ्या उत्तरपुस्तिकेतही साडेपाचपर्यंत लिहीत बसली. त्यातही रोल नंबर अंकात आणि अक्षरात बरोबर लिहिला, असं म्हणाली.

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "पुडी तुम्ही ठेवली काय?"

आजूबाजूला ती पोरं होती, त्यांचे आईबाप होते. मी म्हणालो, "मी काहून ठेवू? तूच ठेवली असशील आणि विसरली असशील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. "असेल," म्हणाली.

घरी गेल्यावर सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. जूनमध्ये निकाल आला. बाकी विषय पास, विज्ञान रोखलेलं. ऑगस्टमध्ये पत्र आलं, पेपर रद्द, पुढं पुन्हा बसता येईल. तोवर ऑक्टोबरच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख गेली होती. तेव्हाही सांगता आलं असतं. तिकडं ती भाजीत मीठ घातलं की नाही ते तीनदा चाखायची. कुलूप लावून परत यायची. "विसरून राहिली मी," म्हणायची. ती काही विसरत नव्हती. मी तिला तसं समजायला लावलं होतं.

त्या सकाळी, मटार सोलताना, मी ठरवलं की आता बोलायचं. दाणे संपले की बोलू. संपले. ती परात घेऊन आत गेली, मी सालं गाईला टाकायला गेलो. परत आलो तर ती ओट्याला टेकून बसलेली होती आणि परात मांडीवर होती. दाणा एकही सांडला नव्हता. शेजारच्यांनी डॉक्टर आणला, तो नाडी धरून उठला. दुपारी घाटावर नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक यायच्या आत मी बाहेर पडलो. सुतकात जाऊ नये तरी गेलो. रात्री एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पुडी मी ठेवली. माझ्या बाईला माहीत नव्हतं. खाली माझी सही. ओपन स्कूलच्या अभ्यास केंद्राच्या खिडकीवर पोरांची रांग होती, मी रांगेत उभा राहिलो. नंबर आला तेव्हा तो कागद आणि ऑगस्टमध्ये आलेलं तिचं पत्र आत सरकवलं. खिडकीतल्या कारकून बाबूनं कागद वाचायचा प्रयत्न केला, मग तिचं पत्र पाहिलं.

"बाबूजी, ये मामला तो बंद हो गया। विज्ञान का फॉर्म भर दें, अभी तारीख है। लेकिन दस्तख़त उन्हीं के लगेंगे। उनको भेज दीजिए।"

"वो नहीं आ पाएँगी," मी म्हणालो.

"तो कल भेज दीजिए।"

मागच्या पोरानं खिडकीत हात घातला होता. मी दोन्ही कागद उचलले आणि बाजूला झालो.