एक्कावन्न ग्रॅमची आशा

जयवंता मूळची कऱ्हाटीची. बारामतीत रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली, इंदापूरकडं दिली आणि लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेत लागली. त्याला आता अठरा वर्षं झाली. हे काम तिला पहिल्यापासून आवडलं. मळीत साखर किती, ती मोजायची. टाकीत यीस्टनं त्यातून अल्कोहोल किती केलं, ते मोजायचं. आणि सगळ्या साखरेचं अल्कोहोल झालं असतं तर किती झालं असतं, त्याच्याशी ताडून टक्का काढायचा. तिच्या फळ्यावर रोज एवढा एकच आकडा असायचा. बरा दिवस असला की एकोणनव्वद. शंभर तिनं कधी लिहिला नव्हता.

गेल्या एप्रिलात तो आकडा ब्याऐंशीवर आला. एक दिवस नाही, सलग तीन टाक्या.

डिस्टिलरीचे नवे मॅनेजर पुष्करसाहेबांना तेव्हा येऊन दीड महिना झाला होता. माणूस हुशार, पण आधीची सगळी नोकरी बाटल्या भरण्याच्या कारखान्यात झालेली. तिथं आत शंभर गेलं की बाहेर शंभर आलं पाहिजे, न आलं तर कुणीतरी नेलं. त्यांनी फळा बघितला आणि विचारलं, "अठरा टक्के माल जातो कुठं?"

"सर, त्यातले अकरा तर दर वेळीच जातात," जयवंता म्हणाली. "वरचे सात शोधायचेत."

"दर वेळीच जातात म्हणजे दर वेळीच कुणीतरी नेतं."

त्याच दुपारी त्यांनी फर्मेंटरवरच्या, म्हणजे मळी आंबवायच्या टाक्यांवरच्या, गेणबाला घरी बसवलं. मळी वजन होऊन टाकीपर्यंत यायची ती गेणबाच्या हाताखालून. वाटेतच मळी काढून विकली जाते, असा साहेबांचा कयास होता. गेणबाला नोकरीत एकतीस वर्षं झालेली. जाताना तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन जयवंताला एवढंच म्हणाला, "ताई, वॉशचा वास आंबुस येतुया चार दिस. मी सुपरवायझरला सांगितलंवतं. तेवढं बघा." वॉश म्हणजे टाकीत आंबत असलेली मळी.

तिनं आधी फ्रीज उघडला. दर टाकी सुरू होताना आणि संपताना घेतलेले नमुने ती आठवडाभर ठेवायची. सुरुवातीच्या तिन्ही बाटल्यांमधली साखर तिनं पुन्हा मोजली. वजनकाट्यावरच्या मळीत जेवढी साखर होती, तेवढीच टाकीत पोचली होती. म्हणजे मळी वाटेत कुठं गेली नव्हती. जे काही झालं होतं ते टाकीच्या आत.

हे तिनं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग शंभर का नाही?"

तोंडी सांगून हे पटणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं साहेबांसमोर शंभर ग्रॅम शुद्ध ग्लुकोज तोलून काचेच्या फ्लास्कमध्ये घातला. उकळून गार केलेलं पाणी घातलं, यीस्टला लागणारं खाणं घातलं, ताजं यीस्ट सोडलं. बुचातून वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही, अशी नळी बसवली. बुचावर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर साहेबांची सही घेतली. "यातून हिशोबानं एक्कावन्न ग्रॅम अल्कोहोल यायला हवं," ती म्हणाली. "बाकीचा वायू होऊन जातो, तो हिशोबातच धरलाय. हितं मळी नाही, पंप नाही, माणूस नाही. बघू किती येतं."

तीन दिवस फ्लास्क बत्तीस अंशांच्या पेटीत राहिला. या तीन दिवसांत तिनं वॉशचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. यीस्टच्या गोल पेशींमध्ये बारीक काड्यांसारखे जीवाणू गर्दी करून होते. आम्लता नेहमीच्या दुपटीवर. तापमानाचे तक्ते काढले तर दुपारी दोननंतर टाकी अडतीसवर जात होती. टाकी गार ठेवणाऱ्या कूलरच्या पट्ट्या गाळानं बुजल्या होत्या. एवढ्या उष्णतेत यीस्ट थकतं, साखर तशीच सोडून देतं, आणि आम्ल करणाऱ्या जीवाणूंचं फावतं. गेणबाच्या नाकाला हे चार दिवस आधी कळलं होतं, याची तिला स्वतःची लाज वाटली. तिनं आकडा रोज लिहिला होता, पण टाकीजवळ जाऊन वास घेतला नव्हता.

चौथ्या दिवशी साहेबांनी आपली पट्टी फाडली. तिनं फ्लास्कमधलं सगळं ऊर्ध्वपातनाला लावलं, फ्लास्क तीनदा पाण्यानं खंगाळून ते पाणीही त्यातच घातलं. आलेल्या द्रवाची घनता मोजून हिशोब केला. सत्तेचाळीस ग्रॅम. ब्याण्णव टक्के.

साहेबांनी आकडा दोनदा वाचला. "साखर उरलीय का?"

"जवळजवळ नाही. यीस्ट जिवंत आहे, सर. शंभरातलं थोडं ते स्वतःच्या अंगाला लावतं, वाढतं. थोड्याचं ग्लिसरीन करतं. वायूबरोबर थोडी अल्कोहोलची वाफ उडते. थोडं माझ्या काचेला चिकटतं. शंभर हा कागदावरचा आकडा. सगळं रसायन एकाच वाटेनं गेलं, शेवटपर्यंत गेलं आणि शेवटचा थेंब हाताला लागला, तर."

मग तिनं टाकीचा कागद पुढं केला. शंभर भाग साखरेपैकी ब्याऐंशीचं अल्कोहोल. आठ यीस्टचं अंग आणि ग्लिसरीन. पाच न वापरता उरली. तीनचं आम्ल झालं. बेरीज अठ्ठ्याण्णव. खाली तिनं लिहिलं होतं: दोन, मोजता आले नाहीत.

"हे दोनही कुठंतरी बसवून टाका ना," साहेब म्हणाले. "वर पाठवायला बरं दिसेल."

"नाही सर. माहीत नाही ते माहीत नाही."

साहेबांनी तसाच कागद सही करून पाठवला आणि गेणबाला कामावर यायचा निरोप गेला.

गेणबा आला तो सरळ प्रयोगशाळेत. जयवंतानं त्याला सगळा कागद वाचून दाखवला. शेवटच्या ओळीशी त्यानं तिला थांबवलं. "म्हंजी ताई, दोन टक्कं माज्या नावावर ऱ्हायलं म्हणायचं का?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. तिनं फ्रीजमधून टाकी संपतानाच्या वॉशची एक बाटली काढली आणि गेणबाला शेजारी स्टुलावर बसवून एकच नमुना तीनदा तपासला. दीड तास गेला. पहिल्यांदा टक्का एक्क्याऐंशी आला, मग त्र्याऐंशी, मग ब्याऐंशी.

"बाटली तीच हाय तात्या," ती म्हणाली. "हात माझा, काच माझी. तरी दोनचा फरक पडतोय. ते तुमच्या नावावर न्हाय, माझ्या मोजण्यात हाय."

गेणबानं तिन्ही आकडे बोट ठेवून वाचले. "तुमच्या हातनं बी हुतंय म्हणा की."

"रोज होतं."

तो हसला. मग डबा घेऊन टाक्यांकडं गेला.

कूलर उघडून साफ व्हायला दोन दिवस लागले. टाक्या वाफेनं धुतल्या, नवं यीस्ट वाढवलं. पुढच्या टाकीचा आकडा आला एकोणनव्वद. फळ्यावर तो लिहिताना जयवंतानं कधी नव्हे ते खाली दुसरी ओळ लिहिली, मागंपुढं एक. पुष्करसाहेबांनी येता-जाता ती वाचली आणि पुसायला सांगितली नाही. आता जयवंता रोज सकाळी हिशोबाला बसण्याआधी टाक्यांवरून एक फेरी मारते, गेणबा झाकण उघडतो आणि ती वाकून वास घेते.