चढावर बंद पडणारी गाडी

घाटकोपर पश्चिमेला, डोंगराकडे चढणाऱ्या रस्त्याच्या पायथ्याशी माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. एका दुपारी तिथे एक बाई इलेक्ट्रिक स्कूटरवर आल्या. मागे दोन जादा चाकं लावलेली, सीटला कुबड्या अडकवलेल्या. लहानपणी पोलिओ झालेला. शाळेत गणित शिकवायच्या. सोबत त्यांचे वडील होते, कोकणातून येऊन गिरणीत आयुष्य घालवलेले. त्यांच्या काखेत लाकडाचा एक ठोकळा होता.

"दादा, गाडी चढावर मधेच बंद पडते," बाई म्हणाल्या. "काही सांगत नाही, सवरत नाही. एकदम मेल्यासारखी. ब्रेक दाबून धरला तरी भरल्या वजनाने मागे सरकते. म्हणून बाबा मागून चालत येतात आणि चाकामागे ठोकळा लावतात."

मी काकांकडे पाहिलं. सत्तरी कधीच ओलांडलेली. रोज संध्याकाळी मुलीची वाट बघत ते खाली येऊन थांबायचे आणि तो चढ तिच्या मागून चढायचे.

आधी एका दुकानात दाखवून झालं होतं. तिथल्या माणसाने सांगितलं, चढावर करंट जास्त खेचला जातो, बॅटरीतल्या संरक्षक बोर्डाला झेपत नाही. त्याने जास्त ताकदीचा बोर्ड बसवून दिला. पण गाडी तशीच बंद पडत राहिली. मग तो म्हणाला, बोर्ड काढून डायरेक्ट जोडून टाकू, कटकटच नको.

"तसाच कर रे बाबा," काका म्हणाले. "माका त्यातला काय कळणा नाय. पण तो बोर्डच वैरी झालो हा आमचो."

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणखी काय सुचणार? तरी मी नाही म्हणालो. लिथियमच्या पॅकमध्ये बोर्ड हा राखणदार असतो. एखादा सेल प्रमाणाबाहेर रिकामा होऊ लागला की तो लाइन तोडतो, प्रमाणाबाहेर करंट वाहिला तरी तोडतो, आणि चार्जिंगमध्ये सेल जास्त भरू लागला तर चार्जिंगही थांबवतो. त्याला काढलं तर गाडी चालेल, पण आत ज्या सेलला त्रास आहे तो मरेपर्यंत पिळला जाईल, आणि तशा सेलला पुन्हा चार्ज करताना आग लागू शकते. गाडी चाळीच्या जिन्याखाली उभी राहायची.

"मग तो तोडतोय कशामुळे, एवढं तरी सांगा," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, "सकाळी फुल चार्जवर चढून बघितलंय कधी?"

"रविवारी. काही झालं नाही. शाळेतून परत येतानाच होतं. आणि दोन मिनिटं थांबलं की परत चालू होते. चार्जचा काटा अर्ध्याच्या वर असतो, दादा."

"चार्जिंगला पूर्वीइतकाच वेळ लागतो?"

"नाही. हल्ली लवकर हिरवा दिवा लागतो. मला वाटलं, चांगलंच आहे."

माझा संशय तिथेच वळला. करंटमुळे बोर्ड तोडत असता तर भरलेल्या बॅटरीवरही त्याच चढाला त्याने लाइन तोडली असती, आणि मोठा बोर्ड लावल्यावर फरक पडला असता. पॅकमध्ये तेरा गट एकामागे एक जोडलेले, प्रत्येक गटात पाच सेल. बोर्ड प्रत्येक गटाकडे वेगळं बघतो. काटा मात्र सगळ्यांची बेरीज दाखवतो. बारा जण धडधाकट आणि एक आजारी असला, तर बेरजेत तो लपून जातो.

पॅक उघडला. गट एकेक करून मोजले. सगळे साधारण सारखे, आठवा किंचित खाली. एवढ्यावर कुणाला दोषी ठरवता येत नाही, वजन घेतल्याशिवाय खरं कळत नाही. दुकानात ओझं म्हणून पॅकला हॅलोजनचे दिवे जोडून बघितले, पण चढाइतका करंट खेचला जाईना. तेव्हा ठरलं, दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, चार्ज न करता, चढावरच बघायचं.

आठव्या गटापासून फ्यूज लावलेल्या दोन बारीक वायरी काढून व्होल्ट दाखवणारा मीटर हँडलपुढच्या टोपलीत ठेवला. मुख्य वायरवर करंट बघायचा चिमटा लावला, तो मी धरून शेजारून चालणार होतो. आकडे बाईंनी वाचायचे. काका मागे.

"तीन पूर्णांक पाच," त्यांनी वर्गात म्हणावं तसं मोठ्याने सुरू केलं. चढ लागला. "तीन पूर्णांक दोन. तीन." माझ्या चिमट्यावर बावीस अँपिअर, बोर्डाच्या मर्यादेपेक्षा बरेच कमी. वळणाशी त्यांचा आवाज बारीक झाला. "दोन पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक सात..." आणि गाडी मेली. काकांनी ठोकळा सरकवला.

"आता थ्रॉटल सोडा आणि आकड्याकडे बघत राहा," मी म्हणालो.

"वर येतोय. तीन पूर्णांक एक. तीन पूर्णांक तीन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे ओझं उतरलं की हा सावरतो. म्हणून थोड्या वेळाने चालू होते."

"आणि वरून सगळं ठीक दिसतं."

काका ठोकळ्यावर एक पाय ठेवून उभे होते. म्हणाले, "म्हणजे बोर्डाची चूक नाय ती."

"नाही काका. तो खरं सांगत होता."

दुकानात आल्यावर आठव्या गटाचे सेल जोडणारी पट्टी उचकटली. पाचपैकी दोन सेलांचं वेल्डिंग सुटलेलं होतं. पॅकमध्ये मधल्या जागा मोकळ्या सोडलेल्या, रस्त्याच्या खड्ड्यांनी हादरून हादरून पट्टी सुटली असणार. पाच जणांचं ओझं तिघं वाहत होते. ते तिघं लवकर रिकामे व्हायचे, आणि चार्जिंगला लवकर भरायचे. ते भरले की बोर्ड चार्जिंगच थांबवायचा, बाकीचे बारा गट अर्धपोटी. हिरव्या दिव्याचं कोडंही सुटलं.

तो सगळा गट मी बदलला. ओव्हरलोड झालेल्या तिघांवर आता भरवसा नव्हता. बाकीच्या सेलांशी जुळणारे पाच शोधले, वेल्ड करण्याआधी त्यांचा व्होल्टेज इतर गटांच्या बरोबर आणला, पट्ट्या नीट पकडून फोम आणि होल्डरने पॅक घट्ट बसवला. बाईंना सांगितलं, बाकीचे सेलही जुने आहेत, कधीतरी थकतील. पुन्हा बंद पडली तर रेटायचं नाही, थ्रॉटल सोडायचा आणि माझ्याकडे यायचं.

पुढच्या संध्याकाळी तिघं पुन्हा चढावर गेलो. त्याच वळणावर बाईंनी आकडा वाचला, तीन पूर्णांक चार, आणि गाडी वर गेली. मला धावावं लागलं. वर पोचल्यावर त्यांनी ब्रेक लावला आणि मागच्या वळणाकडे पाहिलं. म्हणाल्या, "मी पायथ्याशी खोली बघत होते. इथली सोडून देणार होते."

मग गाडी वळवून खाली आल्या, मागोमाग मीही, आणि ठोकळा घेऊन चढू लागलेल्या वडिलांना म्हणाल्या, "बसा मागे."

"नको. वजन वाढात. मी येतंय चालत."

"बाबा, बसा."

ते माझ्याकडे बघू लागले. मी चिमटा वायरवर लावला आणि म्हणालो, "बसा काका, बघून घेऊ."

दोघांच्या वजनाला अठ्ठावीस अँपिअर गेले. आठवा गट थोडा वाकला, पण तीनच्या बराच वर राहिला. वरती काका हळूच उतरले, सीटला हात लावून क्षणभर तसेच उभे राहिले. बाईंनी त्यांच्या शर्टाची मागून वर गेलेली कड खाली ओढून सारखी केली. "घरी चला, चहा घेऊ," त्या मला म्हणाल्या, आणि आम्ही चाळीच्या बोळात शिरलो.